नवरी झोपली आहे, हळू बोला

लग्नघर कितीही मोठं असलं तरी कुलूप लागेल अशी खोली त्यात एकच असते. आमच्या घराला दारं पुष्कळ आहेत. त्यातलं एक पावसाळ्यात फुगतं ते दिवाळीपर्यंत लागत नाही, एकाची कडी रंगवताना रंगाऱ्यानं चौकटीला कायमची चिकटवली आणि एक दार बकरीनं नापसंत केल्यापासून भिंतीला टेकून उभं आहे. त्यामुळे लेकीचं लग्न ठरलं आणि किमती वस्तू सगळ्या मधल्या खोलीत जमा व्हायला लागल्या. आधी साखर आणि बेसन आलं. मग तुपाचे डबे, काजू, आहेराची लुगडी, आंदणाची भांडी, कपाट, लोणच्याच्या बरण्या. शेवटी सासूबाईंनी हळद लागलेली नवरीही त्याच खोलीत ठेवायला सांगितली.

"अंगाला चिकसा लागलेली पोट्टी उघड्यावर झोपवाची नसते," त्या म्हणाल्या. "नजर लागते."

साखरेला मुंग्या लागतात आणि पोरीला नजर, म्हणून दोन्ही एकाच खोलीत.

त्या खोलीत घरातला एकमेव कूलरही होता. महिना मेचा. आमच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात मेमध्ये पारा 44 अंशांपर्यंत चढतो आणि रात्रीसुद्धा भिंती तापलेल्या राहतात. मुहूर्त गोरजाचा, म्हणजे संध्याकाळचा, आणि पाठवणी त्याच रात्री. म्हणजे लेकीची माहेरातली उरलेली सकाळ ही एवढीच. त्या सकाळीपुरतं मी मनाशी ठरवलं होतं की हिला सातपर्यंत झोपू द्यायचं.

तुम्हाला वाटेल, त्यात काय मोठंसं. पण या मुलीला मी पहिलीत गेल्यापासून रोज उठवत आले आहे. आधी प्रेमानं, मग पाणी शिंपडून, मग पंखा बंद करून, आणि कॉलेजच्या वर्षांत शेजारच्या मुलीचं उदाहरण देऊन. मी अंगणवाडी सेविका आहे. दुसऱ्यांची पोरं थोपटून झोपवायची आणि स्वतःची ओरडून उठवायची, असा माझा दुहेरी धंदा. उद्यापासून ही सासरी किती वाजता उठेल कोण जाणे. निदान आज तरी तिला माझ्यामुळे जाग येऊ नये, आणि उठल्यावर पाच मिनिटं तिच्याजवळ बसून दोन शब्द सांगावेत. ते शब्द मी आठवडाभर भाकरी थापताना पाठ केले होते.

म्हणून रात्री मी त्या खोलीच्या उंबऱ्याशी चटई टाकली, किल्ली कमरेला खोचली आणि पहाऱ्याला आडवी झाले. खोलीला परसात उघडणारं एक मागचं दार आहे. त्याला आतून कडी असल्यामुळे मी ते हिशोबात धरलं नाही.

पहाटे चारला आचाऱ्याचा माणूस आला. "वहिनी, साखर."

आमच्याकडच्या पंगतीत वरण, भात, वांगे-आलूची भाजी, मठ्ठा यांचं कौतुक होवो न होवो, बुंदीवर निकाल लागतो. सातशे माणसांचा अंदाज होता, म्हणून 25 किलो बेसन आणि 40 किलो साखर घेतली होती. उन्हाळ्यात बुंदी रात्रीच पाडतात, कारण दिवसा कढईपाशी बसणाऱ्या माणसाचाच पाक होतो. आता झाऱ्यातून बुंदी पडत होती, पण पाकाला साखर कमी पडली होती. पाक एकतारी झाला नाही तर बुंदी भिजून लगदा होते. तो फार पुढे गेला तर तीच बुंदी पंगतीत छर्ऱ्यासारखी दातांना लागते. मधला काळ फार थोडा असतो.

"येते, येते. हळू बोल. नवरी झोपली आहे," मी म्हटलं.

मी मोबाइलच्या उजेडात एकदा लेकीचा चेहरा पाहिला. तोंड उघडं टाकून छान झोपली होती. उजेडानं जाग येईल म्हणून लगेच तो बंद केला, अंधारात चाचपडत भिंतीकडचं पोतं गाठलं, एक मोठं पातेलं भरलं आणि चवड्यांवर चालत बाहेर आले. वाटेत आंदणाच्या हंड्यावर पाय आपटला. हंडा पितळेचा आणि चांगल्या जातीचा होता, त्यामुळे बराच वेळ वाजत राहिला.

पातेलं आचाऱ्यानं हातात घेतलं, चिमूटभर जिभेवर ठेवलं आणि बाजूला थुंकला.

"वहिनी, हे रांगोळी आहे."

"दिसत नाही का तुला? पांढरी तर आहे."

"दिसाले पांढरी आहे जी. पन पाकात इरगळली पायजे ना."

मी परत गेले. या खेपेला साखर आणली, म्हणजे मला वाटलं साखर. त्यानं पुन्हा चाखलं आणि मान हलवली, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. या दोन्ही खेपांत मी दिवा लावला नाही, हे मी अभिमानानं सांगत होते.

साखरेची बातमी फुटली तशी खोलीपुढे रांग लागली. एका जावेला आहेराचं लुगडं हवं होतं, कारण यादीत तिच्या आईचं नाव गाळलं गेलं होतं. चांदाफोर्टहून रात्रीच्या गाडीनं आलेल्या पाहुण्यांना उशा हव्या होत्या. पुतण्याला चार्जर हवा होता. तो मी सहा वाजता देते म्हटल्यावर त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्याचं रक्त थांबवलं आहे. प्रत्येकाला मी ओठांवर बोट ठेवून सांगे, "नवरी झोपली आहे, हळू बोला." आणि प्रत्येक जण वळून मागच्याला ओरडून सांगे, "हळू बोला गा, नवरी झोपली आहे!"

तेवढ्यात हे आले. "अगं, तांदूळ कोणता काढायचा?"

तांदूळ हा आमच्या घरातला जिव्हाळ्याचा विषय. गोंदियाला धानाचं कोठार म्हणतात ते उगाच नाही. इथे माणूस पोळी खातो ती भाताची भूक लागेपर्यंत. पंगतीसाठी ह्यांनी क्विंटलभर तांदूळ ठेवला होता. त्यासाठी जवळजवळ दीड क्विंटल धान गिरणीत घालावं लागतं, कारण भुसा, कोंडा आणि कनकी वजा जाता हातात येतो तो तांदूळ दोन तृतीयांशाच्या आसपास. शिवाय तो जुनाच पाहिजे. नवा तांदूळ एवढ्या मोठ्या गंजात शिजवला की खाली चिकट गोळा आणि वर पेज. जुना मोकळा होतो आणि फुलतोही जास्त.

"एचएमटी काढा, ठरलंय ना?" मी कुजबुजले.

इथे ह्यांनी व्याख्यान सुरू केलं. ते पहाटे साडेचारलाही करू शकतात. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी स्वतःच्या शेतात वेगळी दिसणारी धानाची रोपं 1983 च्या सुमारास हेरली, वर्षानुवर्षं त्यांचं बी निवडत नेलं आणि हा बारीक तांदूळ तयार झाला. त्या वेळी एचएमटीचं मनगटी घड्याळ जोरात होतं, म्हणून धानालाही तेच नाव पडलं. ही गोष्ट हे प्रत्येक पाहुण्याला सांगतात आणि मला ती ऐकायला आवडतेही. पण घड्याळाच्या नावाचा तांदूळ खाऊन आमच्या घरात एकालाही वेळेचं भान आलेलं नाही.

"एचएमटी काय न् फेचेमटी काय," सासूबाई अंथरुणातून म्हणाल्या. "आमच्या लग्नात लुचईचा भात होता. त्याले चव होती. अना नवरी उठली का?"

"नाही आई. झोपू द्या थोडं."

"झोपू द्या? सुर्य निंघाच्या आंधी न्हानं झालं पायजे तिचं. मंग दिवसभर उपास. गोरज होईस्तोवर दाना पोटात नाही गेला पायजे. मी तं पानी बी नव्हतं पेलं."

"44 डिग्री आहे हो आई."

"तवा डिगऱ्या नव्हत्या."

सासूबाईंच्या या उत्तरावर आजवर कोणालाच काही सुचलेलं नाही.

यानंतर भाऊजी आले. माझे धाकटे दीर झाडीपट्टीच्या नाटकांत काम करतात. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. वैनगंगेच्या या बाजूला धान निघालं की गावोगाव रात्रभर नाटकं चालतात. देसाईगंज वडसा हे त्यांचं मुख्य ठाणं, तिथूनच कंपन्या ठरतात. तिकीट काढून माणसं थंडीत चादरी गुंडाळून पहाटेपर्यंत बसतात आणि नाटकात कोणी रडलं नाही तर पैसे वाया गेले असं समजतात. भाऊजी नेहमी मुलीच्या बापाचं काम करतात. आजवर त्यांनी मंचावर एवढ्या मुली सासरी पाठवल्या आहेत की त्यांच्या मानानं आमच्या घरचा प्रसंग अगदी किरकोळ. 2023 साली झाडीपट्टीच्या परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हापासून पोस्टमन दिसला की भाऊजी शर्टाची वरची गुंडी लावतात.

"वहिनी, पाठवणीचा सीन एक डाव करून घेऊ."

"कसला सीन? पहाटेचे पाच वाजताहेत."

"तुमी बाकीच्या बायांसारख्या एकदम रडू नका जी. एकदम रडलं की पब्लिकले वाटते, संपलं. आंधी ओठ हालले पायजे. मंग पदर. मंग दोन पावलं मांगं. अना मंग हंबरडा. फोटोवाल्याले मी सांगून ठेवलं आहे, तो उजव्या आंगानं राहील."

मला खरंच रडू येत होतं, पण ते नेमकं डाव्या अंगानं येत होतं. मी भाऊजींना पाण्याच्या टाकीकडे पाठवलं. विहिरीवरच्या पंपाची लाइट या आठवड्यात रात्रीची होती, म्हणजे सकाळी ती जाणार. टाकी भरायच्या आत ती गेलीच. सोबत घरातलीही गेली, कारण मांडवाच्या माळा, आचाऱ्याचा दिवा आणि पुतण्याचे मित्र यांनी मिळून ती ओढली होती. कूलर थांबला. परसातल्या एकुलत्या एका संडासापुढे हातात डबे घेऊन उभे असलेले दोन्हीकडचे पाहुणे अंधारात एकमेकांची ओळख करून घेऊ लागले. एक सोयरीक तिथेच जुळता जुळता राहिली, असं मला नंतर समजलं.

आणि अशा वेळी नणंदबाई घाबऱ्याघुबऱ्या आल्या. "वहिनी, हे कुठं दिसत नाहीत."

हे म्हणजे आमचे नंदई. प्रत्येक लग्नाला एक रुसणारा जावई लागतो. आमच्याकडे ती जागा नंदईंनी तीस वर्षं सांभाळली आहे. ते भंडाऱ्याचे. 1 मे 1999 रोजी भंडारा जिल्ह्यातून आमचा गोंदिया जिल्हा वेगळा झाला. तेव्हा सासुरवाडीनं आपल्याला विचारलं नाही, असं त्यांना अजून वाटतं. त्या दिवशी पहाटे त्यांचं निमित्त झालं होतं चहाचं. मानाच्या माणसाला कपबशी द्यायची असते आणि कोणीतरी त्यांना चहा स्टीलच्या गिलासात दिला. त्यातून आधी तो मांडववाल्याला दिला आणि मग त्यांना. ते काही बोलले नाहीत. बोलत नाहीत तेव्हाच भीती असते. गिलास ओट्यावर ठेवून ते अंधारात निघून गेले होते.

"स्टेशनकडे गेले असतील," कोणीतरी म्हणालं. दोन पोरं मोटरसायकलवर स्टेशनला गेली. एक जण तलावाकडे गेला. तलावाकडे कशाला, असं विचारल्यावर नणंदबाईंनी असा काही गळा काढला की भाऊजी हातातला पाइप टाकून कौतुकानं बघत राहिले. "हा! याले म्हनतात रडनं. शिका वहिनी."

गावातल्या बाया बोलवाव्यात म्हटलं तर त्याही नाहीत. मेमध्ये आमच्याकडे तेंदूपत्त्याचा हंगाम. तांबडं फुटायच्या आधी बाया जंगलात जातात आणि दुपारी पानं घेऊन येतात. मग 70 पानांचा एक पुडा बांधायचा आणि फळीवर नेऊन द्यायचा. थोडे दिवस चालणारं रोख पैशांचं काम ते. कोणाच्या लग्नासाठी कोणी सोडत नाही आणि सोडूही नये. पोळ्या लाटायच्या बाया येणार होत्या ऊन चढल्यावर, त्याही पुडे बांधता बांधता.

असा सगळा गोंधळ चालू असताना मी उंबरा सोडला नव्हता. अधूनमधून आत डोकावत होते. खिडकीवर ह्यांनी कूलरसाठी पोतं लावलेलं, त्यामुळे आत अजून अंधारच होता. पांघरूण डोक्यावरून घेऊन आकृती झोपली होती. कूलर बंद पडल्यावर मला बारीक घोरणं ऐकू आलं. दमली आहे बिचारी, मी मनात म्हटलं. आकृती जरा भरदारही वाटली. हळद लागली की मुलगी भरते असं जुनी माणसं म्हणतात. मला ते आजवर पटलं नव्हतं, त्या दिवशी पटलं.

मग मला तिचं पाऊल दिसलं. पांघरुणातून टाच बाहेर आली होती आणि फटीतून येणाऱ्या उजेडात भेगा दिसत होत्या. माझ्या पोटात कालवलं. या पोरीला मी दर पावसाळ्यात रोवणीला नेलं. चिखलात उभं राहून परे लावताना ती कुरकुरली की मी म्हणायची, थोडं काम केलं तर झिजणार नाहीस. आणि झिजली की! ब्यूटी पार्लरवाली गोंदियाहून नऊला येणार होती, ती फक्त चेहऱ्याचे पैसे घेणार. टाचेकडे कोण बघणार? मी हळूच खोबरेल तेलाची बाटली शोधली, पायाशी बसले आणि दोन्ही टाचांना अलगद तेल चोळलं. घोरणं थांबलं. पाऊल जरा आत गेलं आणि मग स्वतःहून पुन्हा बाहेर आलं.

आता याच्यासारखी वेळ पुन्हा मिळणार नाही, असं मला वाटलं. बाहेर सगळे नंदईंना शोधण्यात गुंतले होते. सासूबाई न्हाण्याचं पाणी तापवायला गेल्या होत्या. मी उशाशी जाऊन बसले, पांघरुणावरून डोक्यावर हात ठेवला आणि पाठ केलेलं बोलायला लागले.

"बाई, झोपेतच ऐक. जागेपणी सांगितलं तर तू हसशील आणि मी रडेन. तिकडे गेल्यावर पहिल्यांदा सगळं वेगळं वाटेल. कोणी मान दिला, कोणी नाही दिला, त्याचा हिशोब ठेवू नकोस. पाहुण्यांच्या गडबडीत माणसं चुकतात, मुद्दाम करत नाहीत. रुसू नकोस. रुसलीस तरी जेवणावर राग काढू नकोस, जेवून रूस. काही लागलं तर तोंडानं माग, मनातलं कोणाला कळत नाही. आणि काही झालं तरी हे घर तुझंच आहे. तू इथली मानाचीच आहेस. कायमची."

शेवटी माझा आवाज फुटला. ओठ, पदर, दोन पावलं मागं हे सगळं राहूनच गेलं.

पांघरुणाच्या आतून नाक ओढल्याचा आवाज आला. मग एक खोल, भरल्या गळ्याचा, भंडाऱ्याचा आवाज आला.

"बस, वहिनी. आता नाही रुसत जी मी."

मी किंचाळले नाही, असं मी सगळ्यांना सांगते. पण मोटरसायकलवर स्टेशनला गेलेली पोरं म्हणतात की त्यांना फाटकापर्यंत ऐकू आलं. पांघरूण बाजूला करून नंदई उठून बसले होते आणि डोळे पुसत होते. "तीस वर्षांत ह्या घरात कोनी माह्याशी असं बोललं नव्हतं. अना पायाले तेल..." त्यांना पुढे बोलवेना.

खुलासा साधा होता. चहाचा अपमान गिळून ते परसात गेले, तिथे त्यांना कूलरचा आवाज आला. मागचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत गार वारा आणि रिकामी खाट. रुसायला याहून चांगली जागा लग्नघरात सापडत नाही.

रिकामी खाट! तोवर माझ्या मागे निम्मं घर येऊन उभं राहिलं होतं. नणंदबाईंना नवरा सापडला म्हणून आनंद आणि माझी पोरगी नाही म्हणून धक्का, असे दोन्ही एकदम झाले. हे म्हणाले, "अगं, तू तर पहारा करत होतीस ना?" पुतण्या तेवढ्यात आत शिरून चार्जर घेऊन गेला. भाऊजी मात्र गंभीर झाले. लग्नाच्या सकाळी नवरी गायब, यावर त्यांच्याकडे तीन अंकी नाटक तयार होतं आणि त्याचा शेवट चांगला नव्हता.

मी कोणाचं ऐकलं नाही, मागच्या दारानं परसात गेले. नवरी कुठे असेल हे बापाला, आत्याला, फोटोवाल्याला कळणार नाही. मला कळलं, कारण गोठ्याच्या बाजूनं लसणाच्या चटणीचा वास येत होता.

गाईच्या गव्हाणीशेजारी, उलट्या घमेल्यावर, हळदीनं पिवळी झालेली माझी लेक बसली होती. पुढ्यात गंजुली, गंजुलीत काल रात्री पाहुण्यांसाठी केलेला मसालेभात, त्यावर चटणी. बांगड्या कोपरापर्यंत सारून ती मन लावून जेवत होती.

"आजचा उपास आहे ना गं?" मी म्हटलं. दुसरं काय म्हणायचं सुचलं नाही.

"म्हणूनच इथे बसले," ती म्हणाली. "आजी इकडे येत नाही, तिला गाय मारते."

"कधी उठलीस?"

"तू रांगोळी न्यायला आलीस तेव्हाच. आई, तू पाय न वाजवता चालतेस ना, त्याचाच फार आवाज होतो. मग हंडा. मग तू दाराशी सगळ्यांना हळू बोला, हळू बोला करत बसलीस. म्हटलं, तुझी झोपमोड नको, मागून जावं."

मी तिच्या शेजारी बसले. पाठ केलेलं सगळं नंदईंवर खर्च झालं होतं. पुन्हा म्हणायचं म्हटलं तर मला पहिला शब्दही आठवेना. शेवटी म्हटलं, "तिकडे पाणी गाळून पी." ती "बरं" म्हणाली. "आणि कुकरची रिंग जास्तीची एक ठेवली आहे कपाटात, स्टीलच्या डब्यात." ती "बरं" म्हणाली. "भिजवलेले कपडे तसेच ठेवू नकोस." त्यावर मात्र तिनं माझ्याकडे पाहिलं आणि एक घास करून माझ्या तोंडात कोंबला. चटणी भयंकर तिखट होती, त्यामुळे माझ्या डोळ्यांतून पाणी आलं ते कशाचं, याची चौकशी झाली नाही.

"हे असं असते हो!"

गोठ्याच्या दारात सासूबाई उभ्या होत्या. एका हातात न्हाण्याचा तांब्या आणि दुसऱ्या हातात गाईसाठी काठी. गाय त्यांच्याकडे बघत होती, त्या गाईकडे बघत होत्या आणि आम्ही दोघी खाली बघत होतो. उपास मोडलेली नवरी, तिच्या तोंडाला चटणी, आणि पहाऱ्यावरची आई तोंडात घास घेऊन. मुद्देमालासह पकडणं म्हणतात ते हेच.

सासूबाई आत आल्या. तांब्या खाली ठेवला. काठी मात्र ठेवली नाही. माझ्या शेजारी टेकल्या, गंजुलीत डोकावल्या आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

"माह्या लग्नात," शेवटी त्या म्हणाल्या, "लई भूक लागली होती मले. चक्कर येऊन पडली मी मांडवात. सगळे म्हनत, पोट्टी लाजते." आणि हात पुढे केला. "आन वं इकडं. चटनी कमी."

लेकीनं गंजुली त्यांच्यापुढे सरकवली. सासूबाईंनी घास घेतला, डोळे मिटून चावला आणि कपाळाला आठी घातली.

"मीठ कमी आहे. सासरी बी असाच करशीन का वं भात?"

"आजी, हा मी नाही केला. आईनं केला आहे."

"अस्सं होय," सासूबाई म्हणाल्या आणि दुसरा घास घेतला. "मंग असाच रायते तो."